बिटकॉइनमध्ये ओपनिंग रेंज ब्रेकआउट: सकाळी ५:३०ची रेंज नेमकी कशी वापरायची

प्रश्न: मी निफ्टीवर १५ मिनिटांचा ओपनिंग रेंज ब्रेकआउट करतो. तेच आता बिटकॉइन फ्युचर्सवर सकाळी ५:३०ला डेली कॅन्डल उघडल्यावर करून बघतोय, पण सारखे फेक ब्रेकआउट येतात आणि स्टॉपलॉस उडतो. क्रिप्टोत ही पद्धत चालते का? चालत असेल तर किती वेळाची रेंज धरावी?

उत्तर: चालते, पण १५ मिनिटांची रेंज धरून नाही. मी पहिल्या ४ तासांची रेंज धरतो, म्हणजे ५:३० ते ९:३०. त्यातही ती रेंज त्या दिवसापुरती कामाची आहे की नाही हे आधी तपासतो. कामाची नसेल तर त्या दिवशी ट्रेड नाही. असं का, ते नीट सांगतो, कारण निफ्टीची सवय इथे आड येते.

निफ्टीत ९:१५ला जे होतं त्यामागे ठोस कारण असतं. आदल्या दिवशी ३:३०ला बाजार बंद झाल्यापासून जगात जे काही घडलं, त्याच्या सगळ्या ऑर्डर्स तुंबलेल्या असतात. प्री-ओपनमध्ये भाव ठरतो, गॅप पडतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत खरोखर मोठी उलाढाल होते. तिथली रेंज म्हणजे रात्रभर साठलेल्या मागणी-पुरवठ्याचा निकाल असतो. बिटकॉइनमध्ये ५:२९ला जो बाजार असतो तोच ५:३०ला असतो. काहीच तुंबलेलं नसतं आणि गॅपही पडत नाही. डेली कॅन्डल ५:३०ला बदलते ती यूटीसीप्रमाणे मध्यरात्र होते म्हणून, एवढंच.

मग ही वेळ धरायचीच कशाला? कारण त्याच वेळी काही खऱ्या गोष्टी घडतात. टोकियोचा शेअर बाजार तिथल्या सकाळी ९ला, म्हणजे बरोबर ५:३०ला उघडतो. कोरियातही तेव्हा ९ वाजलेले असतात. ६:३०ला सिंगापूर आणि ७ला हाँगकाँग सुरू होतं. बहुतेक मोठ्या एक्स्चेंजवर पर्पेच्युअल, म्हणजे एक्स्पायरी नसलेल्या फ्युचर्सचं फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांनी एकमेकांना द्यायची रक्कम, दर ८ तासांनी कापलं जातं: पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३०. शिवाय डेली क्लोजवर निर्णय घेणारे बॉट आणि माणसं या वेळी पोझिशन बदलतात. म्हणून पहिल्या काही मिनिटांत हालचाल होते खरी, पण तिला दिशा असेलच असं नाही. फंडिंग चुकवायला बाहेर पडलेले लोक परत आत शिरतात, एखादी लांब विक तयार होते आणि भाव पुन्हा होता तिथे येतो. तुम्ही १५ मिनिटांची रेंज धरता तेव्हा नेमका हा गोंधळच मोजता. ९:३०पर्यंत थांबलं की आशियातली तिन्ही-चारही केंद्रं उघडून स्थिरावलेली असतात आणि पहिली ४ तासांची कॅन्डलही बंद झालेली असते. ती कॅन्डल जगभरातले लोक बघतात, त्यामुळे तिच्या हाय-लोच्या बाहेर ऑर्डर्स खरोखर साठलेल्या असतात.

चार्टवरची वेळ मात्र एकदा तपासून घ्या. चार्टवर भारतीय वेळ लावली तरी डेली कॅन्डल यूटीसीप्रमाणेच बदलते, म्हणून आपल्याकडे तासाच्या कॅन्डल अर्ध्या तासावर सुरू होताना दिसतात. पण काही एक्स्चेंज स्वतःच्या चार्टवर हाँगकाँगच्या वेळेप्रमाणे दिवस मोजतात. तिथे डेली कॅन्डल आपल्या रात्री ९:३०ला बदलते आणि त्यावर काढलेली रेंज वेगळीच निघते. हा घोळ नको म्हणून मी रेंज हाताने काढत नाही. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन एडिटरमध्ये हा छोटा कोड टाका आणि चार्ट १५ मिनिटांचा ठेवा:

```
//@version=5
indicator("ORB 4h UTC", overlay=true)
inOR = not na(time(timeframe.period, "0000-0400:1234567", "Etc/UTC"))
var float hi = na
var float lo = na
if inOR and not inOR[1]
    hi := high
    lo := low
else if inOR
    hi := math.max(hi, high)
    lo := math.min(lo, low)
plot(inOR ? na : hi, "OR High", style=plot.style_linebr)
plot(inOR ? na : lo, "OR Low", style=plot.style_linebr)
```

९:३०नंतर दोन रेषा दिसतील. ज्या एक्स्चेंजवर ट्रेड घेणार, त्याच एक्स्चेंजच्या त्याच कॉन्ट्रॅक्टचा चार्ट वापरा. रुपयातल्या पातळ कॉन्ट्रॅक्टची विक आणि मोठ्या डॉलर कॉन्ट्रॅक्टची विक सारखी नसते.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत: खर्च. तुमचे फेक ब्रेकआउट ही अर्धीच अडचण आहे. ते निम्मे झाले असते तरी १५ मिनिटांच्या रेंजवर तुम्ही तोट्यातच राहिला असता. आकडे घालून बघू. हिशेब सोपा जावा म्हणून बिटकॉइन १,००,००० डॉलरला आहे असं धरू. बाजारात सौदा मारला की सामान्य खात्याला साधारण ०.०५ टक्के टेकर फी लागते आणि भारतीय प्लॅटफॉर्मवर त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एका बाजूला ०.०५९ टक्के आणि आत-बाहेर मिळून ०.११८ टक्के. एका बिटकॉइनमागे हे ११८ डॉलर झाले. दोन्ही वेळचं स्लिपेज धरून १४० म्हणा.

१५ मिनिटांची रेंज २०० डॉलरची निघाली आणि स्टॉपलॉस १५० डॉलरवर ठेवला. दुप्पट टार्गेट, म्हणजे ३०० डॉलर. ट्रेड जिंकला तर हातात ३०० वजा १४०, म्हणजे १६० डॉलर पडतात. हरला तर १५० अधिक १४०, म्हणजे २९० जातात. नुसतं बरोबरीत राहायला १००पैकी ६४-६५ ट्रेड जिंकावे लागतील. एकास दोन टार्गेट ठेवून इतके ट्रेड जिंकणारी ब्रेकआउट पद्धत मी तरी पाहिलेली नाही. आता ४ तासांच्या रेंजवर स्टॉपलॉस ५४० आणि टार्गेट १,०८० असेल तर जिंकल्यावर ९४० मिळतात आणि हरल्यावर ६८० जातात. बरोबरीला ४२ टक्के पुरतात. कागदावर दोन्ही ‘एकास दोन’च आहेत, पण पहिल्यात फीच सगळं खाते.

म्हणून ९:३०ला माझं पहिलं काम म्हणजे रेंज मोजणं. डेली चार्टवर १४ दिवसांचा एटीआर बघायचा, म्हणजे बिटकॉइन एका दिवसात सरासरी किती हलतं ते कळतं. ४ तासांची रेंज त्याच्या साधारण २० ते ४५ टक्के असेल तर दिवस कामाचा. त्याहून अरुंद रेंज मिळाली तर स्टॉपलॉस इतका जवळ येतो की वर दाखवलेला खर्चाचा प्रश्न उभा राहतो. ५० टक्क्यांच्या पुढे गेली तर उलटी अडचण होते: दिवसाची निम्मी चाल आशियानेच वापरलेली असते, स्टॉपलॉस लांब जातो आणि पुढे जायला जागा उरत नाही. तुम्हाला ब्रेकआउट अगदी सुंदर दिसेल, पण तो संपत आलेल्या चालीचा शेवट असण्याचा धोका मोठा. हे टक्के माझ्या वापरातले आहेत. तुमची फी कमी-जास्त असेल तर खालची मर्यादा त्याप्रमाणे सरकवा.

आणखी एक तपासणी. फंडिंगच्या वेळी पहिल्या एक-दोन मिनिटांत पडलेली एकच विक जर अर्ध्याहून जास्त रेंज बनवत असेल, तर ती रेंज मी वापरत नाही. विक कापून रेंज ‘सुधारायची’ही नाही. त्या टोकाच्या पलीकडे स्टॉपलॉस साठलेले असतीलच, आपण रेषा हलवल्याने ते हलत नाहीत.

आता एक ट्रेड पूर्ण करून दाखवतो. आकडे उदाहरणापुरते, पण चाल अगदी नेहमी दिसणारी. एटीआर २,५०० डॉलर. सकाळी ९:३०ला हाय १,००,४५० आणि लो ९९,६५०. रेंज ८०० डॉलर, एटीआरच्या ३२ टक्के. दिवस कामाचा.

११:१५च्या सुमारास भाव १,००,५२०पर्यंत जातो. तुमची सवय इथेच बाय करायची. पण १५ मिनिटांची कॅन्डल १,००,३८०ला, म्हणजे रेंजच्या आत बंद होते. ट्रेड नाही. ही वेळ मुळात संशयाचीच. आशियाचा जोर ओसरलेला असतो, युरोप उठलेलं नसतं आणि पातळ बाजारात थोड्या पैशात हायवरचे स्टॉपलॉस उडवता येतात. ओपन इंटरेस्ट बघितलं तर अशा उसळीत ते बहुधा घटताना दिसतं. भाव वर आणि ओपन इंटरेस्ट खाली, याचा अर्थ शॉर्टवाले नाइलाजाने बाहेर पडतायत, नवीन कोणी पैसे घालत नाही. त्यांचे स्टॉप संपले की खरेदीही संपते.

१२:३०ला लंडन सुरू होतं. (उन्हाळ्यात १२:३०, हिवाळ्यात १:३०. यूटीसी बदलत नाही, लंडन आणि न्यूयॉर्कची घड्याळं बदलतात, हे मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नीट लक्षात ठेवा.) १२:३० ते १२:४५ची कॅन्डल १,००,५६०ला बंद होते. तिचा व्हॉल्यूम सकाळच्या कॅन्डलच्या सरासरीच्या दुप्पट आहे आणि ओपन इंटरेस्ट वाढतंय. नुसत्या फ्युचर्समध्ये नाही, स्पॉटमध्येही व्हॉल्यूम आला आहे. आता बाय. स्टॉपलॉस रेंजच्या मध्याच्या जरा खाली: मध्य १,००,०५०, स्टॉपलॉस १,००,०२०. जोखीम ५४० डॉलर.

स्टॉपलॉस रेंजच्या दुसऱ्या टोकाला का नाही, असं तुम्ही विचाराल. खरा ब्रेकआउट रेंजच्या कडेला परत टेकू शकतो, थोडा आतही येऊ शकतो. पण अर्ध्याहून जास्त आत आला तर ज्या कारणासाठी घेतला ते कारण उरलेलं नसतं. दुसऱ्या टोकापर्यंत वाट बघण्यात फक्त तोटा मोठा होतो.

टार्गेट १,०१,६४०, म्हणजे १,०८० डॉलर वर. तिथे पोहोचायला जागा आहे का हे टाकण्याआधी बघायचं. दिवसाचा लो ९९,६५० त्यात एटीआरचे २,५०० मिळवले की १,०२,१५० येतात. टार्गेट त्याच्या आत आहे, चालेल. कॅन्डल जर १,००,५६०ऐवजी १,००,८००ला बंद झाली असती तर मी ट्रेड सोडला असता. कडेपासून रेंजच्या एक तृतीयांशाहून लांब बंद झालं की स्टॉपलॉस मोठा होतो, पुढची जागा घटते आणि भावाच्या मागे धावल्यासारखं होतं.

क्वांटिटी जोखमीवरून काढायची. खात्यात २,००० डॉलर असतील आणि एका ट्रेडला १ टक्का घालवायची तयारी असेल तर २० डॉलर. एका बिटकॉइनमागे खर्चासकट तोटा ६८० डॉलर. २० भागिले ६८०, म्हणजे ०.०२९ बिटकॉइन. त्याची किंमत २,९१६ डॉलर होते, म्हणजे लिव्हरेज जेमतेम दीडपट. या पद्धतीला २५ किंवा ५० पट लिव्हरेज कधीच लागत नाही. ५० पटीवर भाव दोन टक्केही उलटा जायच्या आत पोझिशन लिक्विडेट होते. स्टॉपलॉस कुठल्या भावावर ट्रिगर होतो, लास्ट प्राइस की मार्क प्राइस म्हणजे अनेक एक्स्चेंजच्या भावांवरून काढलेला भाव, हे सेटिंगमध्ये पाहा. पातळ कॉन्ट्रॅक्टवर मी मार्क प्राइस ठेवतो, नाहीतर एका मिनिटाच्या विकने बाहेर फेकले जाता आणि बाकी बाजारात तो भाव आलेलाच नसतो.

पुढे १:३०ला फंडिंग कापलं जातं. दर ०.०१ टक्का असेल तर बिटकॉइनमागे १० डॉलर, फार नाही. दर ०.०५च्या वर असेल तर लाँगमध्ये गर्दी झाली आहे असं समजा. त्या दिवशी वरचा ब्रेकआउट मी सहसा घेत नाही. दोनच्या सुमारास भाव १,००,४००ला येऊन टेकतो. रेंजच्या आत ५० डॉलर. इथे घाबरून बाहेर पडायचं नाही, स्टॉपलॉस त्यासाठीच लावलेला आहे. संध्याकाळी ७नंतर अमेरिकेचा शेअर बाजार उघडतो (हिवाळ्यात ८ला) आणि टार्गेट लागतं. ०.०२९ बिटकॉइनवर निव्वळ २७ डॉलर. हरला असता तर २० गेले असते.

टार्गेट लागलंच नाही तर? मी रात्री ९:३०च्या फंडिंगआधी बाहेर पडतो. सकाळच्या रेंजचा संदर्भ तोपर्यंत विरलेला असतो.

संध्याकाळच्या अमेरिकन आकड्यांचं मात्र वेगळं आहे. महागाई आणि रोजगाराचे आकडे आपल्या संध्याकाळी ६ला येतात (हिवाळ्यात ७ला). त्या दिवशी दुपारचे ब्रेकआउट बऱ्याचदा अर्ध्यावर थांबतात, कारण मोठे लोक आकड्याची वाट बघत हात आखडून बसतात. ५:४५पर्यंत स्टॉपलॉस खरेदीच्या भावाला आणता आला तर राहायचं, नाहीतर निघायचं. आकड्यानंतरची उडी सकाळच्या रेंजचा ब्रेकआउट म्हणून मोजू नका. तिथे बाय-सेलमधलं अंतर रुंदावतं आणि स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागत नाही.

शनिवार-रविवारीही मी जवळजवळ थांबतोच. अमेरिकेतले स्पॉट ईटीएफ जानेवारी २०२४मध्ये सुरू झाले, तेव्हापासून आठवड्यातल्या दिवसांचा बराच मोठा पैसा शेअर बाजाराच्या वेळेत येतो. सुटीच्या दिवशी तो नसतो. रेंज अरुंद निघते, खर्चाची चाळणीच तिला बाद करते.

फेक ब्रेकआउटचा उपयोगही होतो. वर तोडून १५ मिनिटांची कॅन्डल बाहेर बंद झाली, तुम्ही घेतलं आणि स्टॉपलॉस उडाला. त्यानंतर भावाने रेंजचा लो तोडून बाहेर क्लोज दिला तर तो शॉर्ट बहुतेक वेळा पहिल्या ट्रेडपेक्षा चांगला असतो, कारण वर अडकलेले सगळे लाँग आता विकायला लागतात. एवढा एकच दुसरा ट्रेड घ्यायचा. दोन्ही बाजू उडाल्या की त्या दिवशी भाव रेंजभोवतीच घुटमळणार आहे, तिसऱ्या ट्रेडला अर्थ नाही.

काही जण ब्रेकआउटनंतर रेंजच्या हायवर लिमिट ऑर्डर लावून रिटेस्टची वाट बघतात. फी कमी लागते, स्टॉपलॉस जवळ येतो, हे खरं. पण फसणारा प्रत्येक ब्रेकआउट तुमच्या लिमिटवर परत येतो आणि जोरात पळणारा येतच नाही. महिन्याचा नफा त्या पळणाऱ्या दोन-चार ट्रेडमध्ये असतो, म्हणून मी क्लोजवरच घेतो आणि जास्तीची फी मान्य करतो.

हे सगळं फ्युचर्सबद्दल आहे. भारतात स्पॉटवर हा ट्रेड करू नका. प्रत्येक विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो आणि आपलं टार्गेटच साधारण १ टक्क्याचं आहे. टीडीएस रिटर्न भरताना जमा मिळतो, पण तोपर्यंत रोज भांडवल अडकत जातं. त्याहून घातक म्हणजे नफ्यावर ३० टक्के कर आणि तोटा वजा करायची मुभा नाही. महिन्यात जिंकलेल्या ट्रेडचे ३०,००० आले आणि हरलेल्यांचे २४,००० गेले, तर तुमच्या हाती ६,००० आहेत आणि कर ३०,०००वर ९,०००, वर सेस. पद्धत बरोबर असूनही ३,०००हून जास्त खिशातून जातात. फ्युचर्सचा कर कसा धरायचा हे सुरू करण्याआधी आपल्या सीएकडून लेखी घ्या.

इथेरियमवर हेच नियम मी जसेच्या तसे वापरतो. लहान कॉइनवर नाही. तिथली रेंज टक्क्यांत मोठी आणि मोहक दिसते, पण त्यांची चाल बिटकॉइनवरून ठरते. बिटकॉइन स्वतःच्या रेंजमध्ये अडकलेलं असताना एखाद्या लहान कॉइनचा ब्रेकआउट घेतला की दुपारपर्यंत तो परत आत येतो.

सुरू करण्याआधी मागच्या सहा महिन्यांचा १५ मिनिटांचा डेटा घेऊन हाताने नोंद करा. प्रत्येक दिवसासाठी एटीआर, रेंज, त्यांचं प्रमाण, बाहेर बंद झालेल्या पहिल्या कॅन्डलची वेळ, आणि फी-स्लिपेज वजा करून निकाल. मग ११:३०च्या आधीचे ट्रेड एका बाजूला आणि १२:३०नंतरचे दुसऱ्या बाजूला काढा. दुसऱ्या गटात खर्च वजा जाता काही उरत नसेल तर तुमच्या फीवर ही पद्धत चालत नाही आणि आधी फी कमी करण्याचं बघावं लागेल.